चाळणीतून सोंडे गेले, दाण्यातल्यांचं काय?

*गावाहून आलेला २५ किलो तांदूळ पिंपात भरून ठेवला होता. दोन महिने मुलाकडे राहून परत आले, झाकण उघडलं तर सोंडेच सोंडे. शेजारच्या डब्यात ज्वारीच्या पिठाला जाळी धरलीय आणि हिरव्या मुगाला भोकं पडलीत. सासूबाई म्हणतात, चाळून उन्हात टाक, आम्ही असंच खात आलो. सून म्हणते, सगळं फेकून द्या. तांदूळ मागेही एकदा चाळला होता, महिन्याभरात पुन्हा तेच. काय ठेवू आणि काय टाकू?*
*– एक वाचक, डोंबिवली*

ताई,

तांदूळ बहुतेक वाचेल. मुगाचं दाणे मोजून ठरवा. पीठ मात्र आजच टाकून द्या, ते चाळून सुधारणार नाही. तिन्ही डब्यांचा निकाल वेगवेगळा, कारण प्रत्येकात किडा राहतो वेगळ्या जागी.

माझं लहानपण भुसार मालाच्या दुकानात गेलं. पोतं उघडलं की वडील आधी हात कोपरापर्यंत आत घालायचे. दाणे थंड आणि मोकळे लागले तर पुढचं बोलणं. आत ऊब किंवा ओल जाणवली तर ते पोतं बाजूला. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. पिंपाच्या मध्यात हात घाला. किडे खूप झाले की त्यांच्या श्वासाने धान्य आतून गरम होतं, ओलही सुटते आणि मग बुरशी धरते. तांदूळ उबदार लागला, गोळे झाले असले, कुबट वास आला किंवा दाण्यांवर हिरवी-काळी झाक दिसली, तर एवढ्यावरच थांबा आणि तो तांदूळ टाका. बुरशीचं विष धुण्याने जात नाही, शिजवण्याने जात नाही आणि उन्हानेही जात नाही. असा तांदूळ गाई-गुरांना किंवा पक्ष्यांनाही घालू नका. सोंडा पोटात गेला तरी विषबाधा होत नाही. धोका आहे तो या बुरशीचा.

हात थंड राहिला, वासही ठीक आहे, असं धरून पुढे लिहिते.

तुमचा तांदूळ महिन्याभरात पुन्हा किडला तो तुमच्या हलगर्जीपणाने नाही. सोंड्याची मादी सोंडेने तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजवते. स्राव वाळला की दाण्याच्या रंगाचाच दिसतो. साध्या डोळ्यांना तो दाणा अगदी चांगला वाटतो. अळी आतच वाढते, आतलाच भात खाते, तिथेच कोष करते आणि शेवटी सोंडा होऊन दाणा फोडून बाहेर येते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत या सगळ्याला साधारण महिना, सव्वा महिना लागतो. म्हणजे तुम्ही चाळलं त्या दिवशी हिंडणारे किडे गेले, पण दाण्यांच्या पोटातले तसेच राहिले आणि वेळ भरल्यावर बाहेर आले. चाळणी दाण्याच्या आत पोचत नाही, म्हणून नुसतं चाळणं हा अर्धा उपाय आहे.

आता उन्हाबद्दल. सासूबाई सांगतात ते खोटं नाही, फक्त त्यांचं ऊन वेगळं होतं. चैत्र-वैशाखात पत्र्यावर किंवा गच्चीवर दिवसभर तापलेलं धान्य पार कोरडं व्हायचं आणि मग कणगीत जायचं. दाण्यात ओलावा शेकडा दहाच्या खाली गेला की सोंड्याला त्यात वंश वाढवणं फार जड जातं. ते वाळवण कीड लागू नये म्हणून होतं. लागलेली कीड मारायला श्रावणातलं ऊन पुरत नाही. दाण्यातली अळी मरायला धान्य आतपर्यंत पंचावन्न अंशांच्या वर तासभर तरी राहावं लागतं. चादरीवर पसरलेला तांदूळ ढगाळ उन्हात तेवढा तापत नाही. वरचे सोंडे ऊन लागलं की चालत निघून जातात आणि आपल्याला वाटतं, काम झालं. गच्चीवर असाल तर ते भिंतीच्या फटीत शिरतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताट ठेवलं असेल तर गव्हाच्या डब्याकडे वळतात. दुसरं असं की तांदूळ कडक उन्हात फार वेळ ठेवला की दाण्याला तडे जातात, मग धुताना त्याची कणी होते आणि भात चिकट होतो. म्हणून तांदूळ सावलीत, वाऱ्यावर वाळवायची पद्धत पडली. कडक ऊन गव्हाला आणि कडधान्याला चालतं.

मग करायचं काय? माझ्याकडे घडलेलंच सांगते. मागच्या भाद्रपदात बहिणीने पाठवलेल्या १० किलो कोलमला सोंडे लागले होते. आधी मूठभर तांदूळ पांढऱ्या ताटलीत घेतला, १०० दाणे मोजले आणि भोकवाले वेगळे काढले. सहा निघाले. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीत भोकं पडलेल्या दाण्यांची मर्यादा मोजणीने शंभरात दहा अशी आहे, आणि किड्यांच्या विष्ठेतून येणारं यूरिक आम्ल किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असंही त्यात आहे. यूरिक आम्ल घरी मोजता येत नाही, दाणे येतात. मी दहाचा आकडा घरगुती रेघ म्हणून धरते. शंभरात दहाच्या आत असेल तर माल वाचवण्यासारखा. वीस-तीस निघाले तर तांदूळ भुशाचा झाला आहे, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सहा म्हणजे वाचवण्यासारखा होता. गच्चीवर जुनं धोतर अंथरून तांदूळ पसरला आणि तासभर तसाच ठेवला. हिंडणारे सोंडे निघून गेले. मग चाळला, आणि चाळल्यावर सुपात घेऊन पाखडला. हे पाखडणं चुकवू नका. पोखरलेला दाणा हलका झालेला असतो, चाळणीत तो चांगल्या दाण्याबरोबरच राहतो, पण सुपाच्या टोकाशी भुशाबरोबर पुढे येतो. कुणाला दमा असेल किंवा धुळीने शिंका येत असतील तर त्यांना हे काम देऊ नका आणि स्वतःही नाकाला रुमाल बांधा. त्या भुशात किड्यांच्या अंगाचे तुकडे आणि विष्ठा असते, तिचा त्रास काहींना चांगलाच होतो. १० किलोतून सव्वानऊ किलो हाती आला.

त्यातला साडेचार किलो बर्फाच्या कप्प्यात गेला. एकेक किलोच्या जाड पिशव्या, हवा दाबून काढलेली, तोंड घट्ट बांधलेलं. कप्पा शून्याखाली १८ अंशांवर असेल तर चार दिवसांत दाण्यातली अंडी-अळ्याही मरतात, पण घरच्या कप्प्यात सामान गच्च असतं आणि पिशवीचा मध्य गार व्हायला वेळ लागतो, म्हणून मी पूर्ण आठवडा ठेवते. फ्रिजच्या खालच्या भागात ठेवून हे होत नाही. तिथे किडे सुस्तावतात, आठवड्याभरात मरत नाहीत. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. आतला तांदूळ बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत, साधारण अर्धा दिवस, ती बंदच असू द्या. गार दाण्यांवर दमट हवा लागली की दव धरतं आणि ओला तांदूळ डब्यात जातो. इतकी मेहनत करून शेवटी बुरशी धरते ती इथेच.

उरलेला तांदूळ मी ५ लिटरच्या घट्ट झाकणाच्या बरणीत आणि काही बाटल्यांत भरला. ५ लिटरच्या बरणीत सुमारे ४ किलो तांदूळ मावतो. भरताना बरणी जमिनीवर हलके आपटत, अगदी काठोकाठ. वर हवेला जागा ठेवायची नाही आणि दीड महिना झाकण उघडायचं नाही. आत उरलेले किडे तेवढ्याशा हवेतला प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. रोज थोडा तांदूळ काढायचा डबा यासाठी उपयोगाचा नाही, दरवेळी नवी हवा जाते. तांदूळ कोरडा असला पाहिजे, हेही तितकंच खरं. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर आत ओल आहे.

तुमचा तांदूळ २५ किलो आहे, सगळा बर्फाच्या कप्प्यात बसणार नाही. पाच-पाच किलोच्या पाळ्या लावल्या तर पाच आठवडे लागतील आणि तोवर पिंपातला उरलेला पुन्हा भरेल. म्हणून रोजच्या वापराचा पाच-सात किलो कप्प्यात घाला आणि बाकीचा पाखडून लगेच काठोकाठ भरलेल्या बरण्यांत बंद करा. बरण्या कमी पडल्या आणि थोडा तांदूळ पिंपातच राहिला, तर तो दर आठ दिवसांनी चाळा, असं सहा आठवडे. नव्याने बाहेर पडणारे सोंडे अंडी घालायला लागण्याआधीच काढत राहायचे, एवढाच त्यामागचा हिशेब. कष्टाचं आहे, पण चालतं. एखादा आठवडा चुकला की मात्र पहिल्यापासून.

रोजच्या भाताला घेताना तांदूळ पातेल्यात भरपूर पाण्यात हलवा आणि मिनिटभर थांबा. पोकळ दाणे, भुसा, मेलेले सोंडे सगळं वर येतं, ते पाण्याबरोबर ओतून द्या. तीन-चार पाण्यांत पाणी निवळलं की भात नेहमीसारखा होतो.

मुगाला लागलेले ते सोंडे नाहीत, भुंगे आहेत, आणि त्यांची चाल उलटी. हे अंडं दाण्याच्या वर चिकटवतात. थोडे मूग तळहातावर घ्या आणि उजेडात धरा. हिरव्या सालीवर खसखशीपेक्षा लहान पांढरे ठिपके दिसतील, नखाने खरवडले तरी सहज सुटणार नाहीत. एक ठिपका म्हणजे एक अंडं. ते फुटलं की अळी थेट खालच्या दाण्यात शिरते आणि भुंगा होऊन गोल, कडा स्वच्छ कापलेलं भोक पाडून बाहेर येते. म्हणून मुगात नुसती भोकं मोजून चालत नाही, ठिपके असलेला अख्खा दाणाही मोजायचा. १०० दाण्यांत भोक किंवा ठिपका असलेले वीसच्या पुढे गेले तर मूग टाका. कमी असतील तर एका भांड्यात पाणी घेऊन मूग सोडा, तरंगतील ते काढून टाका आणि तळाशी बसलेल्यांची त्याच दिवशी आमटी किंवा वरण करा. ठेवून देऊ नका. मोड आणायला तर मुळीच घेऊ नका. पोखरलेल्या दाण्याला मोड येत नाही, तो फडक्यात तसाच कुजतो आणि सगळ्या मुगाला आंबूस वास लावतो.

कडधान्याच्या बाबतीत जुन्या बायकांचं एक काम फार अचूक होतं. तुरीला, मुगाला वाळवल्यावर तेलाचा हात फिरवायच्या. किलोला एक छोटा चमचा तेल, म्हणजे ५ मिलिलिटरच्या आसपास, प्रत्येक दाण्याला लागेल असं चोळायचं. तेलाखाली अंड्याला हवा मिळत नाही आणि ते फुटत नाही. पण हे अंडी घालण्याआधी किंवा नुकतीच घातली असताना करायचं. अळी दाण्यात शिरल्यावर वरून तेल लावून काही होत नाही.

आता पीठ. तांदळाचा दाणा चांगला की वाईट हे सुपात वेगळं करता येतं, पिठाचे दोन ढीग करता येत नाहीत. जाळी धरली म्हणजे पाखराची अळी त्यात राहून गेली. ती तोंडातून रेशमी धागा सोडत फिरते, पिठाचे गोळे बांधते, आणि तिची विष्ठा, कातडं, अंडी पिठात मिसळलेली असतात. चाळणीवर गोळे राहतात, बाकी सगळं पिठाबरोबर खाली पडतं. पिठात तांबूस रंगाचे चपटे बारीक किडेही असतील तर आणखी एक गोष्ट होते. ते स्वतःच्या बचावासाठी एक तिखट वासाचं द्रव्य सोडतात. त्याने पीठ कडवट होतं, जास्त झालं तर गुलाबीसर दिसू लागतं. अशा पिठाची भाकरी तव्यावर टाकली की वास येतो आणि घशाशी कडू लागते. उन्हात ठेवून किंवा भाजून ते जात नाही. सुनेचं इथे बरोबर आहे.

एका बाबतीत पीठ ठेवायला हरकत नाही. दळून आणून चार-पाच दिवस झालेत, एखादाच किडा दिसला, जाळी नाही, गोळे नाहीत, चिमूटभर जिभेवर ठेवलं तर कडू नाही. मग चाळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. पावसाळ्यात ज्वारी-बाजरीचं पीठ पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचं दळूच नये असं माझं मत आहे. ज्वारी अख्खी ठेवा, लागेल तशी गिरणीत द्या.

जाळीचं पीठ टाकताना पिशवीची गाठ पक्की मारा आणि त्याच दिवशी घराबाहेर काढा. पण घाईत लोक विसरतात ते पुढचं. मोठी झालेली अळी कोष करायला पिठातून बाहेर पडते आणि भिंतीवर चढते. झाकणाच्या आट्यांत बघा, मांडणीच्या कोपऱ्यात बघा, फळीखालच्या फटीत, छताच्या कोनात बघा. तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट, धाग्यात गुंडाळलेले कोष सापडतील. सुरीच्या टोकाने खरवडून काढा. संध्याकाळी दिव्याभोवती करडी, लहान पाखरं फिरताना दिसत असतील तर ती याच डब्यातली आहेत, बाहेरून आलेली नाहीत. ती राहिली तर नवीन पीठ, रवा, शेंगदाणे, सुकी मिरची सगळ्याला पोचतील. रवा आणून लगेच भाजून ठेवायची सवय असेल तर ती सोडू नका, भाजताना त्यातली अंडी मरतात. डबे साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, झाकणाची रबरी कडी काढून तिच्याखालचं पीठही पुसा. जुन्या पिठावर नवं पीठ कधीच ओतू नका.

कडुलिंबाचा पाला, लवंगा, सुकी मिरची याबद्दल विचारणारच असाल, म्हणून सांगते. वासाने किडे थोडे दूर राहतात, दाण्यातली अळी मरत नाही. पाला घातलात तर कुरकुरीत वाळलेला घाला, हिरव्या पाल्याने ओल येते. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, मी ती करत नाही आणि करा असं सांगणारही नाही. ते खाण्यात जायचं द्रव्य नव्हे. आधीच चोळलेली असेल तर तांदूळ चार-पाच पाण्यांनी धुऊनच शिजवा. आणि धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या कुणी आणून दिल्या तर घरात घेऊ नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, गोळी तांदळाच्या पिंपात असली तरी.

राहिलं एक, म्हणजे तांदूळ खरंच सुधारला का हे कळायचं कसं. कप्प्यातून काढलेल्या तांदळातला मूठभर काचेच्या बाटलीत घाला, तोंडाला घट्ट विणीचं सुती फडकं रबराने बांधा, वर तारीख लिहा आणि ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवा. शेजारी दुसरी बाटली, तिच्यात नुसता चाळलेला, कप्प्यात न ठेवलेला मूठभर तांदूळ. माझ्याकडे दुसऱ्या बाटलीत नवव्या दिवशी पहिला सोंडा फडक्याच्या आतल्या बाजूला चालताना दिसला आणि महिन्याअखेर अकरा झाले. पहिली बाटली सहा आठवडे तशीच राहिली, तळाशी पिठाची धूळसुद्धा पडली नाही. त्यानंतरच मी तो तांदूळ मोठ्या डब्यात ओतला.